टिनावरचं ‘शून्य’ नीट वाचा

मागच्या दोन गुरुवारी आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज विषय जरा वेगळा आहे. विषय आहे बिनदारूची बिअर, म्हणजे दुकानात ‘नॉन-अल्कोहोलिक’ किंवा ‘झिरो’ म्हणून मिळते ती. तुम्ही म्हणाल, ताई, आम्हा बायकांना बिअरचं काय सांगता? सांगायचं कारण असं की माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती एका घराला महागात पडली.

आमच्या गटातल्या एका वहिनींचे मालक सात महिने दारूपासून लांब होते. सात महिने म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले होते, डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज सकाळी वहिनींच्या समोर घेत होते. वैशाखात पुतण्याची हळद निघाली. पुण्याहून पोरं आली, बर्फाच्या टपात टिन भरून ठेवले. त्यांतलाच एक भाऊ म्हणाला, “काकांसाठी वेगळी आणलीय, बिनदारूची.” वहिनींनी मला फोन केला. “ताई, शून्य दारूची म्हणतात, प्यायली तर चालंल का?” मी स्वयंपाकात होते, कानाला फोन आणि हातात झारा. मी म्हटलं, “शून्य म्हणजे शून्य, चालेल की. चारचौघांत त्यांनाही बरं वाटेल.”

अर्ध्या-पाऊण तासात काकांचं तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, मग उलट्या. वहिनींना एकच वाटलं, की ह्यांनी चोरून खरी दारू घेतली. भरल्या मांडवात भांडण झालं. काका शपथेवर सांगत होते, “मी फक्त ते दोन टिन प्यालो,” आणि कुणी ऐकत नव्हतं. रात्री ग्रामीण रुग्णालयात नेलं. सलाईन लागलं, रक्तदाब बघितला, सकाळपर्यंत ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी हळदीच्या घरी जाऊन कचऱ्यातून तो टिन शोधला. त्यावर पुढं मोठ्या अक्षरात ‘नॉन-अल्कोहोलिक’ आणि मागं बारीक अक्षरात ‘०.५ टक्क्यांपेक्षा कमी’. काका खरं बोलत होते. शून्य म्हणणारी मी होते, टिन तसं म्हणत नव्हता.

तर हे ०.५ काय आहे ते आधी समजून घेऊ.

नीरा तुम्हाला माहीत आहे. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, ऊन चढलं की तीच आंबते आणि ताडी होते. हवेतलं, भांड्यातलं यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं. बिअरचंही तसंच. जव म्हणजे बार्ली भिजवून मोड आणतात, वाळवतात, त्याचं गोड पाणी काढतात, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं उकळतात आणि मग यीस्ट घालतात. बिनदारूची करायची असेल तर दोन-तीन रस्ते आहेत. एक म्हणजे आंबायला लागल्या-लागल्या थंड करून काम थांबवायचं, म्हणजे दारू फार तयारच होत नाही. दुसरा म्हणजे पूर्ण बिअर बनवून मग तिच्यातली दारू काढून टाकायची. त्यासाठी भांड्यातली हवा ओढून दाब कमी करतात, म्हणजे दारू कमी उष्णतेवर वाफ होऊन उडते आणि चव जळत नाही. बारीक जाळीच्या पडद्यातून गाळूनही काढतात. काही पेयं तर आंबवलेलीच नसतात, नुसता माल्टचा स्वाद आणि सोडा असतो. पण आंबवलेल्या बिअरमधून दारू काढताना थोडी मागं राहू शकते. भांडं पुसलं तरी तेलाचा हात राहतो तसं.

आपल्या देशात खाद्यपदार्थांचे नियम करणारी जी संस्था आहे, एफएसएसएआय, तिच्या नियमात ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त दारू असेल तरच त्या पेयाला मद्य म्हणतात. त्याच्या आतलं असेल तर ते मद्यात मोडत नाही. म्हणून ते किराणा दुकानातही मिळतं आणि दारूच्या बाटलीवर असतो तो इशारा त्यावर दिसत नाही. यात फसवणूक नाही, कायद्याची व्याख्याच तशी आहे. फक्त ‘मद्य नाही’ आणि ‘दारूचा थेंब नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं डोक्यात ठेवा.

आता किती ते बघू. पोराच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण आठवा, त्यावर ५ मिलीची रेघ असते. म्हणजे एक चहाचा चमचा. ३३० मिलीच्या टिनात ०.५ टक्के दारू म्हणजे साधारण १.६५ मिली. चमच्याचा तिसरा हिस्सा. साध्या बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची असते. ती ५ टक्क्यांची धरली तर तिच्यात ३२.५ मिली, म्हणजे साडेसहा चमचे दारू. थोडक्यात, असे वीस टिन रिचवले तर एका मोठ्या बाटलीएवढी दारू पोटात जाईल. एरवीच्या धडधाकट माणसाला एका टिनाने नशा येत नाही. फार पिकलेल्या केळ्यात, पावातही दारूचा अंश असतो, तसाच हा अंश. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे एकदा घाबरवायला लागलं की लोक खरं तेही ऐकायचं सोडतात.

मग काकांना त्रास का झाला? तर त्या सकाळच्या गोळीमुळे.

त्या गोळीचं नाव डायसल्फिराम. दारू पोटात गेली की शरीर तिचा निपटारा दोन टप्प्यांत करतं. पहिल्या टप्प्यात तिच्यापासून एक विषारी पदार्थ होतो, दुसऱ्या टप्प्यात त्या विषाचं निरुपद्रवी आम्ल होतं, व्हिनेगरमध्ये असतं तसलं. ही गोळी दुसरा टप्पा अडवते. कालव्याचं पुढचं दार बंद केलं आणि मागून पाणी येतच राहिलं तर काय होईल? ते विष रक्तात साठत जातं. तोंड लाल होतं, डोकं दुखतं, मळमळ, उलटी, धडधड, घाम, रक्तदाब उतरतो. गोळी घेणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो प्यायला धजत नाही. गोळीचा उपयोग हाच. पण गोळीला खरी दारू आणि बिनदारूची बिअर यांतला फरक कळत नाही. काहींना इतक्या थोड्या दारूनेही त्रास होतो, काहींना होत नाही, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. शिवाय गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून ही गोळी चालू असेल त्या घरात अशी बिअर नको, आणि ज्यांत दारू असते अशी काही खोकल्याची औषधं, तोंड धुवायची काही औषधंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

दारू सोडायच्या सगळ्याच गोळ्या अशा नसतात. कुठली गोळी चालू आहे त्याचं नाव तुमच्याकडे लिहिलेलं असू द्या. आणि असा त्रास झालाच तर ‘प्यालास की नाही’ हा वाद दवाखान्याबाहेर ठेवा. गोळीचं पाकीट आणि जे प्यालं त्याचा रिकामा टिन, दोन्ही बरोबर घेऊन जा. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, चक्कर येऊन माणूस कोसळत असेल तर १०८ ला फोन करा, घरी लिंबूपाणी देत बसू नका.

इथं एक गोष्ट बोलावीच लागेल, जरी ती ऐकून काही जणी माझ्यावर रागावतील. आपल्यातल्या काही बायका ही गोळी नवऱ्याच्या भाजीत, आमटीत कुस्करून घालतात, त्याला न सांगता. मला यामागची तगमग कळते. पण त्या माणसाला माहीतच नसतं, म्हणून तो नेहमीसारखा बाटलीभर पितो. मग होणारा त्रास काकांसारखा रात्रभरात निभावणारा नसतो, जीवही जाऊ शकतो. ज्याला गोळी द्यायची त्याच्या संमतीनेच, डॉक्टरांनी तपासून दिलेली, असाच तिचा वापर आहे.

आता काकांची पुढची गोष्ट. शरीराचा त्रास दुसऱ्या दिवशी उतरला. आम्हाला वाटलं, निभावलं. पण नवव्या दिवशी काका स्टँडमागच्या दुकानात सापडले. नंतर, बऱ्याच नंतर, ते माझ्याजवळ बोलले. म्हणाले, “ताई, त्यात दारू किती होती ते सोडा. टिन उघडताना तो आवाज झाला ना, फेस वर आला, ती कडसर चव जिभेवर आली, आणि बाजूला पोरं हसत होती. सात महिने मी जे दार बंद ठेवलं होतं ते एका आवाजात उघडलं.”

व्यसनाचं हे कोडं आपण बाहेरच्यांनी समजून घ्यायला हवं. वर्षानुवर्षं माणूस प्यायलेला असतो तेव्हा मेंदू दारूबरोबर आजूबाजूचं सगळं बांधून ठेवतो. वास, ग्लास, बाटलीचा गारवा, ठरावीक वेळ, ठरावीक मित्र. चिंच नुसती आठवली तरी आपल्या तोंडाला पाणी सुटतं, तसं यातली एक जरी खूण समोर आली तरी मेंदू पुढच्या गोष्टीची तयारी करून बसतो. बिनदारूच्या बिअरमध्ये नशा सोडून बाकी सगळ्या खुणा जशाच्या तशा असतात. ती बनवलीच त्यासाठी आहे. म्हणून ०.० लिहिलेली, अगदी थेंब नसलेली असली तरी नुकती दारू सोडलेल्या माणसाच्या हातात ती देऊ नये असं व्यसनमुक्तीचं काम करणारे बहुतेक लोक सांगतात. काही जणांना तिचा आधार झाला, खरी सुटली, असंही होतं, नाही असं नाही. पण ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मांडवात पुतण्याने ठरवायचं नाही, आणि झारा हातात घेऊन फोनवर मीही ठरवायचं नव्हतं.

आणखी एक. काका घसरले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “सात महिने पाण्यात गेले.” केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना वेगळं सांगितलं. घसरणं हा या आजारात पुष्कळदा येणारा टप्पा आहे, आणि घसरल्यावर किती लवकर परत आलं यावर पुढचं ठरतं. काका सहाव्या दिवशी परत उपचाराला गेले. पण एक काळजी घ्या. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम दारू बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखालीच करावी. कुणाला कुठं जायचं ते कळत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत फोन आहे. घरच्यांनी केला तरी चालतो.

आता पोटुशी बाईचं. त्याच हळदीत काकांची भाची होती, पाचवा महिना. कोरड्या ओकाऱ्या, अन्न जाईना, आणि गार, कडसर काहीतरी प्यावंसं वाटत होतं. डोहाळे काय, कशाचेही लागतात. तिलाही कुणीतरी टिन पुढे केला होता. तिने दोन घोट घेतले आणि काकांचा गोंधळ झाल्यावर रडकुंडीला आली, “माझ्या बाळाला काही झालं का?”

तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते, आणि बाळाचं यकृत ती निपटायला तयार झालेलं नसतं. गरोदरपणात दारू प्यायल्याने बाळाच्या मेंदूवर, वाढीवर आणि चेहऱ्याच्या ठेवणीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. अमुक इतकी घेतली तर चालते, असं सुरक्षित प्रमाण कुणालाही ठरवता आलेलं नाही, कारण गरोदर बायकांवर तसा प्रयोग करून बघता येत नाही. म्हणून सल्ला एकच आहे, नऊ महिने अजिबात नको. बिनदारूच्या बिअरमधल्या अंशाने बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे दोन घोट गेले म्हणून झोप उडवून घेऊ नका, आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा आणि पुन्हा घेऊ नका.

“पण ताई, ०.० असेल तर?” हा प्रश्न भाचीनेही विचारला. शाळेतला दशांश आठवा. ०.०४ हा आकडा एका घरात लिहिला तर ०.० च दिसतो. ते एक वेळ सोडून देऊ, इतकं ते थोडं आहे. पण टिनावर लिहिलेलं आणि आत असलेलं दर वेळी जुळेलच असं नाही. कॅनडात २०१० साली संशोधकांनी बिनदारूची किंवा कमी दारूची म्हणवणारी ४५ पेयं तपासली. त्यातल्या १३ पेयांत लिहिल्यापेक्षा जास्त दारू निघाली, आणि दारू अजिबात नाही असं सांगणाऱ्या सहा पेयांत ती १ टक्क्याच्याही वर होती. ती आपल्या दुकानातली नव्हती, हे खरं. पण तिथं चूक होऊ शकते तर इथंही होऊ शकते, आणि ज्या काळात थेंबही नको त्या काळात हा जुगार कशासाठी? शिवाय यातल्या काही पेयांत साखर चांगलीच असते. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईने तर मागची साखरेची ओळसुद्धा वाचावी. भाचीला आम्ही कोकमाचं सार दिलं, वर चिमूटभर जिरं. आंबट होतं, गार होतं, तिला चाललं. दोन घोट पिऊन ती पहिल्यांदा हसली.

राहिला गाडी चालवणाऱ्याचा प्रश्न. तो थोडक्यात. कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम दारू. त्याच्या वर सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ढोबळ हिशोबाने साठ किलोच्या माणसाला ०.५ टक्क्याचे आठ-दहा टिन एका दमात प्यावे लागतील तेव्हा तो त्या रेषेजवळ जाईल, म्हणजे आधी पोट फुटेल. एका टिनाने कुणी त्या रेषेवर जात नाही. पण पिऊन लगेच पोलिसांच्या यंत्रात फुंकलं तर तोंडात राहिलेल्या अंशाने आकडा दिसू शकतो. तो तोंडातला असतो, रक्तातला नसतो. पाण्याने चूळ भरून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की जातो. असं झालं तर पोलिसांना शांतपणे सांगावं आणि थोड्या वेळाने परत तपासणी करायची विनंती करावी.

खरा धोका वेगळाच आहे. एकाच कंपनीची दारूची बिअर आणि बिनदारूची बिअर, दोन्हीचे टिन दिसायला जवळजवळ सारखे असतात. रंगाची एखादी पट्टी वेगळी, एक शून्य वेगळं. बर्फाच्या टपात, रात्रीच्या उजेडात, लेबल भिजलेलं असताना ड्रायव्हरने हात घातला आणि दुसराच उचलला, तर त्यालाही पत्ता लागत नाही, कारण चव तीच. त्या हळदीचा पिकअपवाला नेमका ‘आपली बिनदारूचीच’ म्हणत पीत होता. टपात दोन्ही प्रकार एकत्र होते, हे मी स्वतः बघितलं. त्याच्या मागं आमच्या गटाच्या अकरा बायका बसून परत यायच्या होत्या. म्हणून आमच्या ग्रामसंघात आता असं ठरलंय की आपल्या बायकांना नेणाऱ्या गाडीचा चालक कार्यक्रमात पाणी, ताक, चहा यांवरच राहील. ऐकायला कडक वाटतं, पण पिकअपवालाच म्हणाला, “ताई, बरं झालं. आता मला आग्रह करणाऱ्याला सांगायला कारण मिळालं.”

तर टिन हातात आला की पुढचं मोठं अक्षर सोडा, तो फिरवा, मागं टक्क्याची खूण शोधा. ०.५ च्या आत असं लिहिलंय, ०.० लिहिलंय, की काहीच लिहिलेलं नाही, ते बघा. इंग्रजी वाचता येत नसेल तर गटातल्या शिकणाऱ्या पोरीला दाखवा. मला फोटो पाठवला तरी मी वाचून सांगेन. झारा बाजूला ठेवून.

काकांचं विचारणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. परवाच्या रविवारी त्यांना तिसरा महिना पुरा झाला. वहिनी म्हणाल्या, “हळदीतल्या भांडणाचं मी त्यांच्याजवळ अजून बोलले नाही. तुमचं बोलणं रेडिओवर लागंल तेव्हा दोघं बसून ऐकू, मग बोलीन.” तर वहिनी, काका, ऐकत असाल. त्या दिवशी खरं बोलणारे काका होते, आणि चुकीचं सांगणारी मी होते.

पुढच्या गुरुवारी याच वेळी भेटू, शेळीच्या विम्याचे कागद घेऊन. नमस्कार.